सातव्या मजल्याचे कॉलम, चोवीसचा क्यूब आणि माझी सही

ओळंबा_पुणे (धागाकर्ता)

अकरा वर्षं साईटवर काढली. गेल्या दिवाळीपासून एका चौदा मजली इमारतीचा प्रोजेक्ट मॅनेजर आहे. पगार वाढला, केबिन मिळाली आणि झोप गेली. एक प्रसंग सविस्तर सांगतो. अनुभवी लोकांनी स्पष्ट बोलावं, वाईट वाटून घेणार नाही.

सातव्या मजल्याचे १८ कॉलम आणि लिफ्टची भिंत मिळून १४ घनमीटर काँक्रीट, ग्रेड एम-३०, म्हणजे २८ दिवसांनी ताकद ३० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर हवी. तीन गाड्या आल्या, ६, ५ आणि ३ घनमीटरच्या. नियमाप्रमाणे ताकद तपासायला काँक्रीटच्या ठोकळ्यांचे, म्हणजे क्यूबचे, दोन सेट काढले, एक पहिल्या गाडीचा, एक दुसऱ्या गाडीचा. काल २८ दिवसांचे निकाल आले. पहिली गाडी ३६.२, उत्तम. दुसऱ्या गाडीचे तीन क्यूब २५.३, २४.१ आणि २३.५, म्हणजे सरासरी २४.३. तिसऱ्या गाडीचा सेटच नाही.

दरम्यान आठव्या आणि नवव्या मजल्याचे स्लॅब भरून झाले. दहाव्याचं सेंटरिंग लागलंय, स्टील निम्मं बांधून झालंय. दर स्लॅबला ग्राहकांचा हप्ता आणि बँकेचं डिसबर्समेंट. संध्याकाळी मालकांचा फोन आला: "रिपोर्ट ग्रुपवर टाकू नकोस, कन्सल्टंटला मी बघतो, पाच तारखेला दहावा भरायचाय."

साईट इंजिनिअर होतो तेव्हा असा रिपोर्ट वर पाठवला की माझं काम संपायचं. आता "वर" म्हणजे मीच. काय कराल?

---

गवंडीनंदन

राव, क्यूब करणाऱ्याची चूक असणार. आमच्याकडं पोरं क्यूब भरतात तीन थरांत न ठोकता, मग उन्हात ठेवतात दोन दिवस. काँक्रीट चांगलं, क्यूब वाईट. हातोडा मारून बघा कॉलमवर, तीसच्या वर आला की विषय संपला. मी वीस वर्षं ठेकेदारी करतोय, एकही बिल्डिंग पडली नाही.

---

शिडी_आणि_दोरी

काका, क्यूब वाईट असू शकतो हे मान्य. पण पहिल्या गाडीचे क्यूब त्याच संध्याकाळी, त्याच पोराने, त्याच साच्यांत भरून त्याच टाकीत ठेवले असतील ना? ते ३६ आले. शिवाय दुसऱ्या सेटमधले तिन्ही आकडे एकमेकांच्या जवळ आहेत. एखादाच क्यूब घसरला असता तर तुमचं म्हणणं पटलं असतं.

आणि नुसत्या रिबाऊंड हॅमरवर विषय संपत नाही. तो पृष्ठभागाची कठीणता सांगतो. कुठला कॉलम बाकीच्यांपेक्षा कच्चा आहे हे शोधायला उपयोगी, ताकदीचा आकडा म्हणून फायलीत लावायला नाही.

(मी प्लॅनिंगमध्ये आहे, साईटवर सात वर्षं होते.)

---

जुना_टेप

ओळंबा, पस्तीस वर्षं या धंद्यात घालवून मी आता निवृत्त आहे. जरा लांब लिहितो.

आधी घाबरू नका. सातव्या मजल्याच्या कॉलमवर शेवटी आठ स्लॅबचा भार येणार, गच्ची धरून. आज त्यावर दोनच आहेत. आज रात्री काही होणार नाही. पण म्हणूनच निर्णय आज स्वस्त आहे. दहावा भरला की ओल्या स्लॅबचं वजन टेकूंमधून खालच्या स्लॅबवर, तिथून याच कॉलमवर. बारावा भरल्यावर हाच प्रश्न विचाराल तेव्हा उत्तराची किंमत कितीतरी पट झालेली असेल. तेव्हा पहिलं काम म्हणजे पाच तारीख विसरा. स्टील बांधायचं चालू ठेवा, भिंती, प्लास्टर चालू ठेवा, फक्त काँक्रीट ओतू नका.

दुसरं. एम-३० साठी एकेका सेटचा निकाल किमान २७ हवा, म्हणजे ग्रेडमधून तीन वजा. तुमचा २४.३ आहे. हे "थोडं कमी" नाही, काँक्रीटचं मानक आयएस ४५६, त्याप्रमाणे ते काँक्रीट नापास आहे. नापास म्हणजे पाडा असा अर्थ नाही. आता इमारतीतल्या काँक्रीटची तपासणी करा, असा अर्थ आहे. आणि काय तपासायचं ते आरसीसी कन्सल्टंट ठरवतो. मालक नाही, तुम्हीही नाही. त्याला आज रात्रीच ईमेल करा, रिपोर्ट जोडून, तीन ओळींत. मालकांना सीसी ठेवा, लपवाछपवी नको. आधी फोन करून सांगा की असा ईमेल जातोय.

तिसरा प्रश्न माझा तुम्हाला. दुसऱ्या गाडीचं काँक्रीट कुठल्या कॉलममध्ये गेलं, हे काँक्रीट भरतानाच्या नोंदीच्या कागदावर, पोअर कार्डवर, लिहिलंय का? लिहिलं असेल तर तुमच्याकडे सहा-सात कॉलमचा प्रश्न आहे. नसेल तर अठराच्या अठरा संशयित.

आणि चौथा. सात दिवसांचा निकाल काय होता?

---

ओळंबा_पुणे

जुना_टेप काका, चौथा प्रश्न बरोबर वर्मी लागला.

सात दिवसांचा निकाल १७.२ होता. क्वालिटीवाल्या मुलाने व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला होता. त्याच्याखाली माझं "नोटेड 👍" आहे. त्या दिवशी मार्केटिंगच्या सॅम्पल फ्लॅटची फरशी, कामगारांच्या वस्तीतलं पाणी आणि पालिकेचा एक माणूस, तिन्ही एकदम अंगावर आलं होतं. हे कारण म्हणून सांगत नाही, घडलं ते सांगतो.

पोअर कार्डवर गाडी नंबर आहेत, कॉलम नंबर आहेत, पण कुठली गाडी कुठे हे नाही. सुदैवाने रात्री हजर असलेल्या ज्युनिअरच्या डायरीत पेन्सिलने आहे. दुसरी गाडी सात कॉलममध्ये, तिसरी लिफ्टच्या भिंतीत आणि दोन कॉलममध्ये.

---

जुना_टेप

१७.२ म्हणजे सात दिवसांनीच दिवा लाल झाला होता. चांगल्या एम-३० चा सात दिवसांचा क्यूब वीसच्या बराच वर असतो. तेव्हा थांबला असतात तर वर एकही स्लॅब नव्हता. आता ते गेलं. पुढे बघा.

त्या पोराची डायरी आजच फोटो काढून ठेवा. ती पेन्सिल आज तुमच्या केबिनपेक्षा महाग आहे.

---

रानवारा_दोहा

मी इथे कतारमध्ये कंत्राटदाराकडे आहे, आधी ठाण्यात होतो. इथे कन्सल्टंटचा माणूस साईटवरच बसतो. त्याने सही केल्याशिवाय आम्ही बादलीभरही ओतू शकत नाही. निकाल कमी आला तर तो नॉन-कन्फॉर्मन्स रिपोर्ट काढतो आणि तो बंद होईपर्यंत पुढचं बिल अडकतं. इंजिनिअरला मालकाशी भांडावं लागत नाही, कागद भांडतो.

आपल्याकडे आरसीसी कन्सल्टंट स्लॅबच्या आधी स्टील चेक करायला येतो, तोही बरेचदा त्याच्या ऑफिसातला दोन वर्षांचा मुलगा. कॉलमला कोण येतं? म्हणून सगळं मॅनेजरच्या कणखरपणावर येतं. हा व्यवस्थेचा दोष आहे, ओळंबाचा नाही. पाणी कुठे मारलं ते बघा. गाडीत पाणी मारल्याशिवाय ३६ चं २४ होत नाही.

---

सदनिका_त्रस्त

माझाही प्रश्न इथेच विचारतो. ताबा घेऊन तीन वर्षं झाली, बाथरूममधून खालच्या फ्लॅटमध्ये गळती आहे. बिल्डर फोन उचलत नाही. रेराच्या साईटवर प्रोजेक्टखाली इंजिनिअरचा फॉर्म २ दिसतो, त्यावर ज्याची सही आहे त्या इंजिनिअरवर केस करता येते का? तुम्ही मंडळी सह्या करता आणि मोकळे होता.

---

शिडी_आणि_दोरी

सदनिका_त्रस्त, तो फॉर्म वेगळ्या कामाचा आहे. ग्राहकांच्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. काम किती झालं त्या प्रमाणातच ते काढता येतात आणि त्यासाठी आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि सीए अशा तिघांचे दाखले लागतात. फॉर्म २ हा त्यातला खर्चाचा दाखला. तुमच्या गळतीसाठी २०१६ च्या रेरा कायद्याचं कलम १४(३) बघा. ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा किंवा कारागिरीचा दोष निदर्शनास आणला तर प्रमोटरने ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. फोन नको, लेखी द्या, फोटो आणि तारखेसह. दोन वर्षं हातात आहेत.

ओळंबा, यावरून आठवलं. तुमच्या साईटचा फॉर्म २ कोण देतं? आणि २ए? तो तर थेट कामाच्या गुणवत्तेचा दाखला आहे. त्यात हा क्यूब कुठे बसणार?

---

ओळंबा_पुणे

२ए वर सही दुसऱ्याची, पण तो टेस्ट रिपोर्टची फाईल माझ्याकडून घेतो. फाईलमध्ये मी जे लावेन ते तो बघणार. "माझी सही" म्हणतोय ती हीच. दिसत नाही, पण सगळ्या दिसणाऱ्या सह्या तिच्यावर उभ्या आहेत.

अपडेट. ईमेल केला. आधी मालकांना फोन केला. पाच मिनिटं ऐकून घेतलं, ते इथे लिहीत नाही. मग मी एकच वाक्य बोललो, आदल्या रात्री पाठ केलेलं: "साहेब, आज थांबलो तर पंधरा दिवस जातील, बाराव्याला थांबलो तर वर्ष जाईल, आणि थांबलोच नाही तर ते मला सांगता येणार नाही." फोन कट. तासाभराने मेसेज, "कन्सल्टंटला बोलव."

गाडीचा छडा लागला. दुसऱ्या गाडीच्या चलनावर प्लँटची वेळ ४:१०. आमच्याकडे रिकामी व्हायला सुरुवात ६:५०. दोन तास चाळीस मिनिटं, नियम दोन तासांचा. पुलाखाली ट्रॅफिकमध्ये अडकली होती. माल घट्ट झालेला, पंपवाला ओरडला, ड्रायव्हरने टाकीचा पाईप ड्रममध्ये सोडला. किती वेळ, कुणालाच सांगता येत नाही. ज्युनिअरने अडवलं नाही.

---

गवंडीनंदन

हां, मग बरोबर. पाणी मारलं असेल तर माझं म्हणणं मागे घेतो. पण राव, ड्रायव्हर पाणी मारणारच, नाहीतर पाईप चोकअप होतो आणि सगळी रात्र जाते. त्या पोराला काढून टाका, दुसऱ्यांना धाक बसतो.

---

नवा_डिप्लोमा

मी दोन वर्षं साईटवर आहे, म्हणून विचारतो. तो ज्युनिअर एकटा होता का? रात्री सात वाजता पंप लागलेला, मुकादम ओरडतोय, पंचवीस-तीस हजारांचं काँक्रीट गाडीत. माझ्यासारख्याने "गाडी परत न्या" म्हटलं तर सकाळी कोण माझ्या बाजूने उभं राहील? मला आजवर कुणी सांगितलेलं नाही की मी गाडी परत पाठवू शकतो. दोन तासांचा नियम आहे हेसुद्धा आत्ताच कळलं. कॉलेजात शिकवलं असेल, पण मालकांचा नंबर कॉलेजात नव्हता.

---

जुना_टेप

या धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रतिसाद नवा_डिप्लोमाचा आहे.

दोन तासांचा नियम रेडीमिक्सच्या आयएस ४९२६ मध्ये आहे. काँक्रीट उशिरा घट्ट व्हावं म्हणून रिटार्डर टाकायचं आधी ठरवलं असेल तर वेळ वाढवता येते, पण ते मिक्स डिझाइनमध्ये ठरतं, पुलाखाली नाही.

पाण्याचं गणित सांगतो. समजा घनमीटरला ३८० किलो सिमेंट आणि १६० लिटर पाणी आहे. घनमीटरमागे दहा लिटर जास्त गेलं तर पाणी-सिमेंटचं प्रमाण ०.४२ चं ०.४५ होतं. ताकद थोडी उतरते, पण ३६ चं २४ होत नाही. पाच घनमीटरच्या गाडीत तसं पाणी पन्नास लिटर होतं. तुमच्याकडे त्याच्या कितीतरी पट गेलं असणार. आणि ड्रम पुरेसा फिरवला नसेल, म्हणजे पहिला माल पातळ, नंतरचा बरा. क्यूब बहुतेक पातळ भागातला आला. कॉलमची ताकदही सारखी नसणार. कॉलममधून कापून कोअर घेताना हे लक्षात ठेवा.

आता त्या पोराबद्दल. मी वयाच्या तिशीत मुंबईत असाच एक इंजिनिअर घालवला होता, धाक बसावा म्हणून. धाक बसला. पुढचे सहा महिने मला कुणीही वाईट बातमी वेळेवर सांगितली नाही. गवंडीनंदन, तुमचा उपाय मी करून बघितलाय.

---

ओळंबा_पुणे

दोन आठवड्यांनी येतोय.

कन्सल्टंट स्वतः आले. आधी सगळ्या १८ कॉलमवर हॅमर फिरवला, ज्युनिअरच्या डायरीशी पडताळायला. डायरी खरी निघाली, दुसऱ्या गाडीचे सातही कॉलम वेगळे दिसले. तिसऱ्या गाडीचे बरे. मग सातांपैकी सगळ्यात कमी दिसलेल्या तीन कॉलममधून एकेक कोअर. सळई वाचवायला आधी लोकेटरने खुणा केल्या, नंतर भोकं नॉन-श्रिंक ग्राऊटने भरली.

निकाल २६.८, २५.९, २४.६. सरासरी २५.८.

---

शेजारचा_प्लॉट

म्हणजे नापासच की. २७ हवे होते ना? तोडावे लागणार.

---

शिडी_आणि_दोरी

नाही, २७ ची अट क्यूबच्या सेटची. कोअर जागेवरच्या काँक्रीटमधून कापलेला असतो, तो सहसा क्यूबएवढा येत नाही. त्यासाठी सरासरी ग्रेडच्या ८५ टक्के हवी, म्हणजे २५.५, आणि एकही कोअर ७५ टक्क्यांखाली नको, म्हणजे २२.५. त्यामुळे पास. काठावर.

---

ओळंबा_पुणे

हो, पास. मालकांनी पेढे आणायचेच बाकी ठेवले होते. पण कन्सल्टंट म्हणाले, कोअर पास हे कोडचं उत्तर झालं, माझं नाही. त्यांनी एम-२५ धरून सातही कॉलम पुन्हा तपासले. पाच आरामात बसले. लिफ्टजवळच्या दोनांवर भार जास्त, तिथे हाताशी काही उरत नाही. त्यांनी त्या दोनांना जॅकेटिंग सांगितलं, म्हणजे कॉलमभोवती नवं काँक्रीट, चारी बाजूंनी १०० मिलिमीटर.

आणि इथे सिव्हिल संपलं. एक कॉलम ७०२ च्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात आहे. फ्रिजची जागा जाते. ७०२ विकलेला आहे. सेल्सचं म्हणणं, ताबा देताना आपोआप कळेल. मालकांचं म्हणणं, कार्पेटमधले तेवढे फूट कमी करून पैसे परत देऊ, कारण सांगायचं नाही. माझं मत, आत्ताच पत्र द्यावं, कारणासकट.

---

शेजारचा_प्लॉट

दोन तृतीयांश ग्राहकांची संमती लागेल मग. नकाशा बदलतोय.

---

शिडी_आणि_दोरी

ती अट इमारतीच्या किंवा सामाईक जागांच्या बदलाला. एका फ्लॅटमधला किरकोळ बदल आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरने रचनेच्या कारणासाठी सुचवला आणि तपासला असेल तर कलम १४(२) प्रमाणे रीतसर जाहीर करून त्या ग्राहकाला कळवून करता येतो. फ्रिजची जागा जाणं "किरकोळ" का, यावर वकील भांडतील. पण कळवणं टळत नाही. फक्त काय शब्दांत, एवढंच तुमच्या हातात.

---

रानवारा_दोहा

मी असतो तर कारण लिहिलं नसतं. "कन्सल्टंटच्या सूचनेनुसार कॉलमचं मजबुतीकरण" एवढं पुरे. खोटं नाही. क्यूब, कोअर, पाणी हे सगळं ग्राहकाला सांगितलं तर तो घाबरून बुकिंग रद्द करेल आणि इतर तेरा मजलेही घाबरतील. इमारत तर आता सुरक्षितच आहे.

---

सदनिका_त्रस्त

मी ग्राहक म्हणून सांगतो. मजबुतीकरण म्हटलं की मी विचारणारच, आधी कमकुवत होतं का? तेव्हा काय सांगाल? (माझ्या गळतीची नोटीस रजिस्टर्ड एडीने पाठवली. ताई, आभार.)

---

जुना_टेप

रानवारा आणि मी इथे वेगळे. पण मी निवृत्त आहे, मला हप्ते नाहीत. मोठ्या गोष्टी सांगणं सोपं आहे. एक नक्की सांगतो, पत्र कुणी लिहायचं हे मालकांवर सोडू नका. मसुदा तुम्ही करा. सेल्सने लिहिलं तर त्यात "अपग्रेड" असा शब्द येईल.

पैशाचं काय झालं? रेडीमिक्सवाला मान्य करतोय?

---

ओळंबा_पुणे

नाही. त्यांच्या प्लँटवरचे त्याच बॅचचे क्यूब ३७. ते म्हणतात, पाणी तुमच्या साईटवर पडलं. आम्ही म्हणतो, ड्रायव्हर तुमचा. चलनावर आमच्या सुपरवायझरची सही, वेळेचा रकाना भरलेला आणि शेरा काही नाही. डेबिट नोट काढलीय, ते पुढचा माल थांबवायची धमकी देतायत. अर्धं-अर्ध होईल बहुतेक. जॅकेटिंगपेक्षा पंधरा दिवस अडकलेला सेंटरिंगचा सेट आणि बसून राहिलेली टोळी यांचा खर्च जास्त झाला. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

पत्राचा मसुदा मी केला. कारणासकट. मालकांच्या टेबलावर चार दिवस पडून आहे.

ज्युनिअरला काढलं नाही. मालकांनी दोनदा विचारलं, मी म्हटलं त्याच्या डायरीमुळे अकरा कॉलम वाचले. पोअर कार्डला आता एक रकाना वाढवलाय, गाडीसमोर कॉलम नंबर. आणि गेटवर एक कागद लावलाय, माझ्या सहीचा: दोन तासांवरची गाडी, किंवा ड्रममध्ये पाणी, तर हजर इंजिनिअरने परत पाठवावी, मला विचारायची गरज नाही. मालकांना तो कागद दाखवूनच लावला.

काल दहावा स्लॅब भरला. रात्री सव्वानऊला ज्युनिअरचा फोन. "सर, चौथी गाडी दोन तास वीस. परत पाठवली. मुकादम शिव्या देतोय, आणि मोठ्या साहेबांचाही फोन येऊन गेला."

"तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, गेटवर कागद आहे, वाचा."

---

नवा_डिप्लोमा

त्या कागदाचा फोटो इथे टाकता का सर? आमच्या साईटवर दाखवायचाय. कुणाच्या सहीने लावायचा ते मात्र अजून ठरत नाहीये.